अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा खारट का?

मुंबई आणि पुरी ही दोन शहरं नकाशावर जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर आहेत. मुंबई १९ अंश उत्तरेला, पुरी त्याहून जेमतेम पाऊण अंश वर. ऊन तेवढंच, मोसमी पाऊसही दोन्हीकडे. तरी ऑक्टोबरात मुंबईपासून बरंच आत, खोल समुद्रात जाऊन एक किलो पाणी घेतलं तर त्यात सुमारे ३६ ग्रॅम क्षार सापडतात आणि पुरीसमोर तसंच पाणी घेतलं तर तीसपेक्षाही कमी. या आकड्याला क्षारता म्हणतात, आणि जगभरच्या समुद्रांची सरासरी ३५ आहे. म्हणजे आपला समुद्र सरासरीहून खारट आणि बंगालचा उपसागर सरासरीहून बराच आळणी.

हा फरक क्षार कमीजास्त असण्यातून आलेला नाही, पाणी कमीजास्त असण्यातून आला आहे. पण तिथवर पोचायचं तर आधी समुद्रात मीठ आलं कुठून हे पाहावं लागतं, आणि त्याची सुरुवात आपल्या सह्याद्रीतूनच करता येते.

पावसाचं पाणी हवेतून खाली येताना थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. मातीत मुरताना कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून त्यात आणखी कार्बन डायऑक्साइड मिसळतो. हे पाणी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसाल्टमधून झिरपतं तेव्हा खडकातली खनिजं हळूहळू कुजवतं. त्यांतलं कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम पाण्यात उतरतं आणि ओढ्या-नद्यांतून समुद्राकडे जातं. जगभरच्या नद्यांच्या पाण्याची सरासरी घेतली तर लिटरमागे विरघळलेले पदार्थ साधारण ०.१ ग्रॅम भरतात. जिभेला ते कळत नाहीत. समुद्रातून पाणी वाफ होऊन वर जातं, क्षार मात्र खाली राहतात, आणि हेच कोट्यवधी वर्षं चालू आहे.

शाळेत आपण इथवर शिकतो. यात एक अडचण आहे. नदीच्या पाण्यातले क्षार आटवून घेतले तर मीठ मिळत नाही. त्यात मुख्यतः कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असतं. किटलीच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, त्याच जातीचा पदार्थ. समुद्रात मात्र क्षारांपैकी वजनाने सुमारे ५५ टक्के क्लोराइड आणि ३० टक्के सोडियम आहे. कॅल्शियम जेमतेम सव्वा टक्का. नदी आणते एक आणि समुद्रात साठतं दुसरंच, असं का?

याची उत्तरं दोन. क्लोराइडचा मोठा भाग खडक झिजून आलेला नाही. पृथ्वीच्या पोटातून ज्वालामुखींच्या वायूंबरोबर, मुख्यतः हायड्रोजन क्लोराइडच्या रूपात तो बाहेर पडला आणि पाण्यात विरघळला. यातलं बरंचसं पृथ्वीच्या बाल्यावस्थेतच घडलं. दुसरं उत्तर असं की समुद्र प्रत्येक पदार्थाला सारखाच काळ ठेवून घेत नाही. कॅल्शियम आलं की शिंपले, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य तरंगते जीव ते उचलतात, त्याची कवचं बनवतात, मरतात आणि तळाशी जातात. कॅल्शियमचा एक कण समुद्रात सरासरी दहा लाख वर्षांच्या आसपास राहतो. सोडियमला असं कुणी गिऱ्हाईक नाही. तो सहा-सात कोटी वर्षं राहतो, आणि क्लोराइड दहा कोटींच्या घरात. जो उशिरा जातो त्याचा साठा मोठा होतो, म्हणून समुद्राची चव मिठाची.

सोडियमही शेवटी जातोच, हे लक्षात यायला मात्र बराच वेळ लागला. १८९९ मध्ये जॉन जोली या आयरिश शास्त्रज्ञाने एक सरळ हिशोब मांडला. समुद्रात एकूण सोडियम किती आहे ते काढलं, नद्या दरवर्षी किती आणतात त्याने भागलं, आणि उत्तर आलं सुमारे नऊ कोटी वर्षं. हेच समुद्राचं वय, असं त्याने म्हटलं. आज आपल्याला माहीत आहे की पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षांहून जुनी आहे आणि समुद्रही तिच्या मानाने फार तरुण नाही. जोलीचा भागाकार बरोबर होता. समुद्रातून सोडियम बाहेर जात नाही, हे त्याचं गृहीतक चुकीचं होतं. प्रत्यक्षात उथळ आखातं आटून मिठाचे जाड थर जमिनीखाली गाडले जातात, तळाच्या गाळातली चिकणमाती सोडियम धरून ठेवते, समुद्रतळाच्या तापलेल्या नव्या खडकातून पाणी फिरताना काही क्षार तिथे अडकतात, आणि लाटांच्या तुषारांबरोबर थोडं मीठ वाऱ्यावर जमिनीकडे परत येतं. आवक आणि जावक यांचा मेळ बसल्यामुळे समुद्राचा खारटपणा फार लांबच्या काळात बदलला तरी वर्षागणिक वाढत बसत नाही. जोलीला मिळालेला आकडा वयाचा नव्हता. सोडियम समुद्रात किती काळ मुक्काम करतो, त्याचा होता. मला हा हिशोब फार आवडतो, कारण चुकलेल्या उत्तरातूनसुद्धा खरं माप हाती आलं.

मुक्कामाच्या या काळातून आणखी एक गोष्ट निघते. जगातल्या सगळ्या महासागरांचं पाणी एकमेकांत ढवळून निघायला हजारएक वर्षं लागतात. सोडियम आणि क्लोराइड तिथे कोट्यवधी वर्षं राहतात. इतक्या वेळा ढवळलं गेल्यावर सगळीकडे त्यांचं एकमेकांशी प्रमाण सारखंच होणार. 'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरातून जमवलेल्या पाण्यापैकी ७७ नमुने विल्यम डिटमारने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले: एकूण क्षार कुठे कमी, कुठे जास्त, पण त्यांचं आपसातलं प्रमाण सगळीकडे जवळजवळ तेच. आमटीत पाणी वाढवलं की तिखट, मीठ, चिंच सगळंच एकत्र फिकं होतं, तसं. म्हणून अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांच्यातला फरक हा मिश्रणाचा नाही, फक्त पाण्याचा आहे.

हे मिश्रण सुटं होताना पाहायचं असेल तर मिठागरात जावं. मुंबईत वडाळा, कांजूर, भांडुप, मुलुंड या पूर्वेच्या पट्ट्यात खाडीला लागून मिठागरांच्या जमिनी आहेत, आणि खाडीपलीकडे उरण-पेणकडे हा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा. भरतीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात घेतात, तिथून ते उथळ होत गेलेल्या वाफ्यांतून पुढे पुढे सरकवत ऊन-वाऱ्यावर आटवतात. पाणी किती दाट झालं हे काचेच्या तरंगत्या नळीवर बोमे अंशांत मोजतात. समुद्राचं पाणी सुमारे साडेतीन अंशांचं.

शंभर लिटर पाणी घेऊन हिशोब करू. त्यात सगळे मिळून साडेतीन किलोपेक्षा थोडे जास्त क्षार आहेत. ते आटून निम्मं होईपर्यंत थोडासा चुना खाली बसतो, नजरेत भरेल इतकाही नाही. साधारण वीस लिटर उरले की जिप्सम बसायला लागतं. वाफ्याच्या तळाशी त्याचा कडक पापुद्रा धरतो. मीठ अजून पाण्यातच आहे. शंभराचे दहा लिटर झाले आणि नळी पंचवीस अंशांवर आली की मिठाचे खडे धरू लागतात. इथे मिठागराचं कसब दिसतं. एकोणतीस-तीस अंशांच्या पुढे पाणी जाऊ द्यायचं नाही, उरलेलं कडू पाणी सोडून द्यायचं. त्या कडू पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार उरलेले असतात, आणि ते मिठाबरोबर बसू दिले तर मीठ कडवट तर होतंच, शिवाय हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतल्या जाड्या मिठाला पाणी सुटतं, ते बहुतांशी या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. शंभर लिटरांतून कागदावर पावणेतीन किलोच्या आसपास मीठ निघायला हवं. प्रत्यक्षात जमिनीत मुरणं आणि कडू पाण्याबरोबर जाणं धरलं तर बरंच कमी हाती लागतं. जूनचा पहिला दणका पाऊस आला की हंगाम संपला, उघड्यावर पडलेलं मीठ विरघळून जातं.

पावसाचा विषय निघालाच आहे, तर एक सरळ प्रश्न: मुंबईत एवढा पाऊस पडतो, मग समोरचा समुद्र गोडा का होत नाही? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सोयीसाठी तो पूर्ण एक मीटर धरू आणि तेवढाच समुद्रावरही पडला असं मानू. समुद्राचा वरचा, वाऱ्याने ढवळला जाणारा थर पन्नास मीटरांचा आणि क्षारता ३६ असेल तर एक मीटर गोडं पाणी मिसळून ती ३५.३ होईल. एवढ्या भयंकर पावसाने फक्त ०.७ चा फरक. तेच पाणी दहा मीटर खोल खाडीत मिसळलं तर क्षारता ३२.७ वर येते. खाडी उथळ आणि तिच्यात आजूबाजूच्या डोंगरांवरचंही पाणी उतरतं, म्हणून पावसाळ्यात ठाणे आणि वसईच्या खाड्यांच्या आतल्या टोकांना पाणी कधी कधी जवळजवळ गोडं होतं, आणि त्याच खाड्या मे महिन्यात समुद्राइतक्या किंवा त्याहून थोड्या खारट असतात. आकाशातून थेट पडणाऱ्या पावसापेक्षा, मोठ्या प्रदेशावर पडून एका तोंडाने समुद्रात येणारं पाणी क्षारता जास्त बदलतं. दोन समुद्रांचा फरक इथेच उलगडतो.

अरबी समुद्राच्या पृष्ठभागावरून वर्षाकाठी मीटरभराहून जास्त जाडीचा पाण्याचा थर वाफ होऊन जातो. ओमान आणि सोमालियाच्या बाजूला पाऊस अगदी तुटपुंजा. आपल्याकडे धो-धो पडतो, पण तो सह्याद्रीमुळे. ढग डोंगराला अडून वर चढतात म्हणून किनाऱ्यालगत आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. खुल्या समुद्रावर त्यामानाने फार कमी पडतो. हिवाळ्यात उत्तरेकडून जमिनीवरचे कोरडे, गार वारे समुद्रावर येतात आणि बाष्पीभवन आणखी वाढवतात. तेव्हा गुजरात-पाकिस्तानच्या दक्षिणेला पृष्ठभागाचं पाणी खारटही होतं आणि गारही, म्हणून जड होऊन खाली बसतं आणि पन्नास-शंभर मीटर खोलीवरून दक्षिणेकडे पसरतं.

भर म्हणून शेजारच्या दोन आखातांतून आणखी खारट पाणी येतं. तांबडा समुद्र आणि इराणचं आखात ही दोन्ही वाळवंटांच्या मधली, नद्यांचा आधार जवळजवळ नसलेली आखातं. तिथे क्षारता ४० च्या आसपास किंवा वर जाते. ते जड पाणी बाब-एल-मांदेब आणि होर्मुझ या सामुद्रधुन्यांच्या तळावरून सांडतं आणि अरबी समुद्रात शिरतं. इराणच्या आखाताचं पाणी सुमारे अडीचशे-तीनशे मीटरांवर आणि तांबड्या समुद्राचं त्याहून खूप खाली, सहाशे-आठशे मीटरांच्या आसपास पसरतं. खोली वाढेल तशी क्षारता मोजत गेलं की या खोल्यांवर आकडा पुन्हा थोडा वर चढलेला दिसतो. समुद्रशास्त्रज्ञ त्यावरूनच पाणी कुठून आलं ते ओळखतात.

आता नद्या. गोदावरी त्र्यंबकला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटरांवर. ती मात्र १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. महाबळेश्वरातून निघणारी कृष्णा आणि भीमाशंकरची भीमा यांचंही तसंच. सह्याद्रीचा पश्चिम कडा उभा आणि दख्खनचं पठार पूर्वेकडे उतरतं, त्यामुळे घाटमाथ्याच्या पूर्वेला पडलेलं बहुतेक पाणी दुसऱ्या समुद्राकडे वळतं. हा पाऊस आणणारी बरीच वाफ दक्षिण हिंदी महासागरातून विषुववृत्त ओलांडून येते, पण तिच्यात अरबी समुद्राचाही वाटा असतो. म्हणजे आपला समुद्र जे पाणी हवेला देतो, त्यातला एक भाग डोंगर ओलांडून पलीकडच्या समुद्रात जातो. क्षार इथेच मागे राहतात.

इथे एक गैरसमज होऊ शकतो, म्हणून आकडे नीट मांडतो. पश्चिमेकडेही पाणी येतंच. नर्मदा आणि तापी मिळून वर्षाला सरासरी साठ घन किलोमीटर, आणि तापीपासून कन्याकुमारीपर्यंतच्या उल्हास, सावित्री, वाशिष्ठी, काळी, शरावती, पेरियार अशा साऱ्या लहान नद्या मिळून सुमारे दोनशे. गोदावरीच्या ११० घन किलोमीटरांपेक्षा हे जास्तच झालं. पण हे पाणी हजाराहून जास्त किलोमीटर किनाऱ्यावर वाटलेलं आहे आणि बहुतेक सगळं पावसाळ्याच्या चार महिन्यांत येऊन किनाऱ्यालगतच मिसळून जातं. दुसऱ्या बाजूला एकट्या गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांचं एकत्र मुख हजार घन किलोमीटरांहून जास्त पाणी ओततं. त्यात महानदी, गोदावरी, कृष्णा आणि ब्रह्मदेशातली इरावती धरा. शिवाय बंगालच्या उपसागरावर पाऊसही बाष्पीभवनापेक्षा जास्त. आणि हे सगळं आकाराने अरबी समुद्राहून बऱ्याच लहान अशा पाण्यावर. धरणांनी नद्यांचं पाणी अडवलं आहे, कृष्णेचं तर कित्येक वर्षी समुद्रात फारच थोडं पोचतं. तरी पावसाळ्यानंतर उपसागराच्या उत्तर टोकाला पृष्ठभागाची क्षारता तीसच्या खाली आणि नदीमुखांजवळ वीसच्याही खाली जाते.

या आळणी पाण्याचं वागणं वेगळं असतं. ते हलकं, म्हणून खालच्या खारट पाण्यावर दहा-वीस-तीस मीटरांचा थर करून बसतं. वाऱ्याला ते खाली ढवळून घ्यायला जास्त जोर लागतो. अरबी समुद्रात नैऋत्य मोसमी वारे पृष्ठभाग खोलवर घुसळतात, खालचं गार पाणी वर आणतात, म्हणून जून-जुलैत तो चांगलाच थंड होतो. उपसागरात वरचा पातळ थर उष्णता धरून बसतो आणि त्याच्याखालीही बरंच खोलपर्यंत कोमट पाणीच असतं. चक्रीवादळ एरवी समुद्र घुसळून स्वतःखालचं पाणी गार करतं आणि त्यामुळे काही अंशी स्वतःचीच ताकद कमी करून घेतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उत्तर उपसागरात हा ब्रेक नीट लागत नाही. वादळ वाढण्याची कारणं पुष्कळ, पण आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यासाठी हे एक ठोस कारण आहे.

मग गोडं पाणी एकाच बाजूला जमत का जात नाही? कारण समुद्र ते परत फिरवतो. पावसाळा ओसरला की साधारण ऑक्टोबरपासून भारताच्या पूर्व किनाऱ्याला लागून एक प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो. तो उपसागराचं आळणी पाणी घेऊन श्रीलंकेला वळसा घालतो, पश्चिमेकडे येतो, आणि त्यातला भाग केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याने उत्तरेकडे चढतो. डिसेंबर-जानेवारीत केरळच्या समोरचं पाणी म्हणूनच त्या भागाच्या मानाने कमी खारट असतं. मुंबईपर्यंत येईतो त्याचं वेगळेपण जवळपास पुसलेलं असतं. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात उलटा व्यवहार चालतो: अरबी समुद्रातलं खारट पाणी श्रीलंकेच्या दक्षिणेने पूर्वेकडे जातं आणि उपसागराच्या हलक्या पाण्याखाली शिरतं. सह्याद्रीवरून हवेने नेलेलं पाणी अशा वळणाने समुद्रातून परत येतं. ते पुरेसं झालं असतं तर दोन्हीकडचे आकडे सारखे झाले असते. तसं होत नाही. प्रवाह फरक मिटवत राहतो, पाऊस तो पुन्हा उभा करतो.

हेच गणित मोठ्या प्रमाणावर अटलांटिक आणि प्रशांत महासागरांत चालतं. अटलांटिकवरून उठलेली वाफ व्यापारी वारे पनामाच्या अरुंद पट्टीवरून पलीकडे नेतात आणि तो पाऊस प्रशांतच्या बाजूला पडतो. उत्तर अटलांटिकचा मधला पट्टा म्हणून ३७ च्या वर आणि प्रशांतचा तोच पट्टा त्याहून बराच कमी खारट. तिथे सह्याद्री नाही, पण जमीन ओलांडून पाणी निघून जाण्याचं तत्त्व तेच. जगाच्या नकाशावर सगळ्यात खारट खुले समुद्र साधारण पंचवीस-तीस अंशांच्या आसपास, जिथे आकाश निरभ्र आणि पाऊस कमी, तिथे सापडतात. विषुववृत्तावर सरींमुळे आकडा उतरतो, आणि ध्रुवांकडे बर्फाच्या वितळत्या पाण्याने. बाल्टिक समुद्र तर नद्यांमुळे आणि अरुंद तोंडामुळे बऱ्याच भागात सात-आठवर येतो, तिथलं पाणी चाखलं तर जेमतेम खारट लागतं.

शेवटी मोजणीबद्दल, कारण कुणालाही वाटेल की एक लिटर पाणी गॅसवर आटवून उरलेलं मीठ तोललं की झालं. ते फसतं. मॅग्नेशियम क्लोराइड पाणी सहजासहजी सोडत नाही, म्हणून वजन जास्त भरतं; जोरात तापवलं तर त्यातलं क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड होऊन उडून जातं आणि वजन कमी भरतं. म्हणून पूर्वी सिल्व्हर नायट्रेट टाकून फक्त क्लोराइड मोजत आणि ठरलेल्या प्रमाणावरून बाकीचं काढत. आज पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतात. दोन्ही पद्धती डिटमारच्या स्थिर प्रमाणावर उभ्या आहेत. खुल्या समुद्रात त्या भरवशाच्या, पण पावसाळ्यातल्या ठाण्याच्या खाडीच्या टोकाला, जिथे पाणी बहुतांशी नदीनाल्याचं आणि सांडपाण्याचं असतं, ते प्रमाणच मोडलेलं असतं आणि आकडा जपून वाचावा लागतो.

मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा रिफ्रॅक्टोमीटर काचेवर एक थेंब टाकून क्षारता दाखवतो, खाडी आणि खुला समुद्र यांतला फरक त्याने छान कळतो. मात्र त्यातले स्वस्त नमुने बऱ्याचदा साध्या मिठाच्या द्रावणावर बेतलेले असतात आणि समुद्राच्या पाण्याचा आकडा एक-दीडने जास्त दाखवतात. वापरण्याआधी शुद्ध पाण्याने शून्य जुळवावं आणि शक्य असेल तर ३५ क्षारतेचं तयार द्रावण घेऊन तपासावं. भरतीच्या माथ्याला आणि ओहोटीच्या शेवटी, असे दोन्ही वेळचे नमुने घ्यावेत, कारण खाडीत त्या सहा तासांत एकाच जागचं पाणी बदललेलं असतं. २००९ पासून उपग्रहही क्षारता मोजतात, पण किनाऱ्याजवळ जमिनीचं प्रारण त्यांच्या मोजणीत मिसळतं, त्यामुळे मुंबईसमोरच्या चाळीस-पन्नास किलोमीटरांच्या पट्ट्यासाठी आजही होडीतून बाटली खाली सोडावी लागते.